विषप्रयोग झाला म्हणून मल्हारराव गेले, की ते जाणारच होते? उताऱ्यातलं मूळ कारण आणि तात्कालिक कारण

प्रश्न: "माझी मुलगी अकरावीत आहे, आम्ही वडोदऱ्यात राहतो. मल्हारराव गायकवाडांना पदच्युत केल्याचा उतारा होता आणि 'या घटनेची मूळ कारणे सांगा' असा प्रश्न होता. तिने रेसिडेंटवरचा विषप्रयोग लिहिला आणि शून्य गुण मिळाले. उताऱ्यात तर त्यानंतरच सगळं घडतं. मग ते कारण कसं नाही?"

कारण आहेच. तुमच्या मुलीने लिहिलेलं खोटं नाही, फक्त ते दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. मी बरीच वर्षं इतिहास शिकवते, आणि उताऱ्यावरच्या प्रश्नांत मुलं सर्वांत जास्त अडखळतात ती इथे. उतारा काळाच्या ओघाने लिहिलेला असतो, परिणाम शेवटी येतो आणि त्याच्या लगेच आधी जी घटना असते तिच्यावर बोट ठेवलं जातं. मल्हाररावांचं प्रकरण तर यासाठी फारच अवघड आहे, कारण त्यातली शेवटची घटना विलक्षण नाट्यमय आहे. सरबतात विष म्हटल्यावर शेतसाऱ्याकडे कोणाचं लक्ष जाणार?

तुमच्या मुलीचा उतारा माझ्यासमोर नाही. मी वर्गात देते तो साधारण असा आहे:

"1802 ते 1817 या काळातल्या करारांनी बडोद्याचे संस्थान इंग्रजांच्या तैनाती फौजेच्या संरक्षणाखाली आले होते. खंडेराव महाराजांच्या काळात, कापसाला चढे भाव असताना वाढवलेला शेतसारा भाव कोसळल्यावरही तसाच राहिला. 1870 मध्ये खंडेराव वारले आणि त्यांचे भाऊ मल्हारराव गादीवर आले. जुने कारभारी दूर झाले आणि रयतेच्या, सरदारांच्या व सावकारांच्या तक्रारी वाढत गेल्या. 1873 मध्ये आलेले रेसिडेंट कर्नल फेअर यांनी या तक्रारी वर कळवल्या. त्याच वर्षी कर्नल मीड यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. तिच्या अहवालानंतर व्हाइसरॉय नॉर्थब्रुक यांनी 25 जुलै 1874 रोजी महाराजांना कारभार सुधारण्यासाठी 31 डिसेंबर 1875 पर्यंत मुदत दिली. 9 नोव्हेंबर 1874 रोजी फेअर यांच्या सरबतात विष आढळले. जानेवारी 1875 मध्ये महाराजांना अटक झाली. चौकशी मंडळाच्या सहा सदस्यांत तीन विरुद्ध तीन अशी फूट पडली. अखेर एप्रिलमध्ये महाराजांना पदच्युत करण्यात आले, पण संस्थान खालसा न करता दत्तकाद्वारे नवा वारस गादीवर बसवण्यात आला."

आता कारणांकडे वळण्याआधी परिणामाकडे नीट बघायचं. मुलं परिणाम एका शब्दात पकडतात, 'पदच्युती', आणि त्याचं एक कारण शोधायला निघतात. मी त्यांना परिणामाचं पूर्ण वाक्य लिहायला लावते: मल्हाररावांना, एप्रिल 1875 मध्ये, गादीवरून दूर केलं, पण राज्य खालसा केलं नाही. या वाक्यात तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. राजाला दूर करण्यापर्यंत वेळ मुळात का आली, ती त्याच महिन्यात का आली, आणि तिने हेच रूप का घेतलं. तिन्हींची कारणं वेगळी आहेत. तात्कालिक कारण प्रामुख्याने दुसऱ्या प्रश्नाला उत्तर देतं, 'आत्ताच का' या प्रश्नाला. मुलीला विचारला होता पहिला.

हे खरं आहे की नाही, ते तपासायची एक रीत आहे. एकेक घटना उताऱ्यातून काढून बघायची आणि उरलेल्या उताऱ्यात परिणामाचं काय होतं ते पाहायचं.

आधी विषाचा प्रसंग काढू. 9 नोव्हेंबरच्या सकाळी फेअर फिरून आले, पपनसाच्या सरबताचा घोट घेतला, अस्वस्थ वाटलं म्हणून उरलेलं ओतून दिलं आणि पेल्याच्या तळाशी गाळ दिसला. तपासणीत त्यात सोमल आणि हिऱ्याची पूड निघाली. समजा, हे काहीच घडलं नाही. तरी मीड समितीचा अहवाल आहे, मुदतीचं पत्र आहे, 31 डिसेंबर 1875 ही तारीख आहे. महाराजांची गादी आधीच टांगणीला लागलेली होती. दादाभाई नौरोजी त्या सुमारास दिवाण होते आणि कारभार सुधारायची त्यांची खटपट चालू होती. ती यशस्वी झाली असती तर मल्हारराव राहिलेही असते, नसती तर वर्षभराने गेले असते. म्हणजे विष काढलं की परिणाम अनिश्चित होतो आणि पुढे ढकलला जातो, पण त्याची शक्यता नाहीशी होत नाही.

आता उलट करू. विष राहू दे, पण करार, शेतसारा, तक्रारी, मीड समिती आणि मुदत हे सगळं काढून टाका. एखाद्या सुरळीत चाललेल्या संस्थानात रेसिडेंटच्या पेल्यात विष सापडलं. चौकशी झाली असती, नोकरचाकर पकडले गेले असते, कदाचित संशय राजवाड्यापर्यंतही गेला असता. पण पुढे काय? चौकशी मंडळात कलकत्त्याचे सरन्यायाधीश सर रिचर्ड कौच, मीड आणि मेलव्हिल हे तीन इंग्रज सदस्य होते. ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराजा रामसिंह आणि सर दिनकरराव राजवाडे हे तीन हिंदी सदस्य होते. इंग्रज सदस्यांनी महाराजांना दोषी धरलं, हिंदी सदस्यांच्या मते आरोप सिद्ध झाला नव्हता. अशी फूट पडल्यावर निव्वळ विषाच्या आरोपावर महाराजांना काढायला सरकारकडे पक्का आधारच राहिला नसता.

या प्रकरणात मला हीच जागा सर्वांत मोलाची वाटते, म्हणून जरा थांबते. तात्कालिक कारण सिद्ध झालं नाही, तरी परिणाम घडला. मग त्याला आधार कशाने दिला? आधीपासून तयार असलेल्या गैरकारभाराच्या कागदपत्रांनी. पदच्युतीच्या जाहीरनाम्यात सरकारने हेच म्हटलं. चौकशी मंडळाच्या निष्कर्षावरून नव्हे, तर महाराजांची वर्तणूक, राज्यातला घोर गैरकारभार आणि सुधारणा घडवण्याची असमर्थता यांवरून हा निर्णय घेतला, असा त्याचा आशय होता.

इथे हुशार मुलं दुसऱ्या टोकाला जातात. 'सरकारनेच सांगितलंय की विषाचा संबंध नाही, म्हणजे गैरकारभार हेच एकमेव कारण,' असं लिहितात. मी त्यांना तारखा शेजारी-शेजारी मांडायला सांगते. मुदत 31 डिसेंबर 1875 ची. पदच्युती एप्रिल 1875 ची. गैरकारभार एकट्यानेच पुरेसा होता, तर सरकारने स्वतः दिलेली मुदत आठ महिने शिल्लक असताना का मोडली? तो खुलासा जाहीरनाम्यातल्या कारणात सापडत नाही. तो सापडतो नोव्हेंबरच्या पेल्यात, जानेवारीच्या अटकेत आणि मंडळात फूट पडल्यावर झालेल्या कोंडीत. ज्या राजाला सरकारने कैद केलं, ज्याच्यावर उघड चौकशी चालवली, त्याला पुन्हा गादीवर बसवणं सरकारला जड गेलं असणार. म्हणून उताऱ्यात तिसरी एक गोष्ट वेगळी ओळखावी लागते: करणाऱ्याने सांगितलेलं कारण. ते मूळ कारणाशी जुळेलही, पण जुळतंय का हे तपासल्याशिवाय उचलून लिहायचं नाही.

मूळ कारणांतही सगळ्यांचं वजन सारखं नसतं. माझ्या मते सर्वांत खोल गेलेलं कारण म्हणजे ते जुने करार, आणि तेच मुलं 'पार्श्वभूमी' म्हणून सोडून देतात, कारण ते साठ-सत्तर वर्षं आधीचे आहेत. तैनाती फौज असल्यामुळे राजाला बाहेरच्या शत्रूची भीती नव्हती, तशी आतल्या बंडाचीही फारशी नव्हती. रयत कितीही नाराज झाली तरी तिला राजा बदलता येत नव्हता. मग इंग्रजांचा युक्तिवाद असा उभा राहिला की ज्या सत्तेला आम्ही टेकू देतो, तिच्या गैरकारभाराची जबाबदारी काही अंशी आमच्यावरही येते. नॉर्थब्रुक यांच्या जुलैच्या पत्रात हाच विचार आहे. राजाला मुदत देण्याचा अधिकार कुठून आला, हे या कराराशिवाय सांगताच येत नाही. नुसता वाईट कारभार हे कारण धरलं, तर वाईट कारभाराच्या राज्यात बाहेरचा माणूस येऊन राजा कसा बदलतो, हे अधांतरीच राहतं.

शेतसाऱ्याचंही तसंच. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे 1860 नंतर काही वर्षं इथल्या कापसाला भलता भाव आला होता. त्या भावावर बेतलेला सारा भाव पडल्यावर शेतकऱ्याच्या अंगावर आला. हे मल्हाररावांच्या आधीचं आहे. त्यामुळे 'मल्हारराव वाईट राजे होते' एवढंच मूळ कारण लिहिणारा विद्यार्थी अर्धंच सांगतो. त्यांनी दुखणं वाढवलं, पण त्यातलं काही त्यांना गादीबरोबरच मिळालं होतं.

आता ते तिसरं अंग, 'हेच रूप का'. यासाठी मी अवधचं उदाहरण शेजारी ठेवते. 1856 मध्ये वाजिद अली शाह यांच्यावरही गैरकारभाराचाच ठपका होता, आणि अवध सरळ खालसा झालं. 1875 मध्ये तसाच ठपका, पण बडोदा खालसा झालं नाही. ठपका सारखा असून परिणाम वेगळा, म्हणजे फरकाचं कारण ठपक्यात नाही. ते मधल्या वर्षांत आहे. 1857 चा उठाव झाला, 1858 च्या राणीच्या जाहीरनाम्यात आणखी मुलूख घेण्याची इच्छा नसल्याचं सांगितलं गेलं आणि 1862 मध्ये संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा मिळाल्या. म्हणून बडोद्यात राजा गेला आणि राज्य राहिलं. खंडेरावांच्या विधवा जमनाबाईंनी कवळाण्याच्या गोपाळरावांना दत्तक घेतलं आणि ते सयाजीराव झाले. आपल्या गावातल्या प्रत्येक मुलाला कवळाण्याची गोष्ट पाठ असते, पण त्या गोष्टीला जागा कशी झाली हे विचारलं की वर्ग गप्प होतो.

उताऱ्याच्या भाषेतूनही बरंच कळतं. क्रियापदं बघायला सांगा. 'आले होते', 'तसाच राहिला', 'वाढत गेल्या' ही लांबणारी, टिकणारी क्रियापदं आहेत. 'आढळले', 'अटक झाली' ही एका दिवसात संपणारी आहेत. बहुतेक उताऱ्यांत दीर्घकालीन कारण पहिल्या प्रकारच्या वाक्यात असतं आणि तात्कालिक कारण तारखेसह दुसऱ्या प्रकारच्या. 'त्यातच', 'निमित्ताने', 'अखेर' असे शब्द तात्कालिक गोष्टीच्या आसपास घुटमळतात. पण या खुणेवर पूर्ण विसंबू नये. करारालाही तारीख असते, सही एकाच दिवशी होते, तरी त्याचा अंमल सत्तर वर्षं चालतो. म्हणून तारीख दिसली की विचारायचं: ही गोष्ट त्या दिवशी संपली, की त्या दिवशी सुरू झाली?

मीड समिती आणि मुदतीचं पत्र कुठे टाकायचं, हा प्रश्न मुलं हमखास विचारतात. ते ना दीर्घकालीन, ना तात्कालिक. ते दोन्हींना जोडतं. त्याआधी तक्रारी नुसत्या तक्रारी होत्या. त्या पत्राने त्यांना तारीख आणि शिक्षेची शक्यता जोडली. उत्तराला दोनच कप्पे असतील तर मी ते मूळ कारणांच्या साखळीतलं शेवटचं पाऊल म्हणून लिहायला सांगते, कारण विषाचा प्रसंग काढला तरी ते शिल्लक राहतं.

फेअर आणि महाराज यांच्यातलं वैमनस्य मात्र खरोखर वादाचं आहे. विष आढळायच्या आठवडाभर आधी, 2 नोव्हेंबरला, महाराजांनी फेअर यांना हलवण्याची मागणी व्हाइसरॉयकडे केली होती. हे ज्या उताऱ्यात दिलेलं असतं, तिथे ते संशय महाराजांकडेच का वळला याचं कारण ठरतं. पण त्यावरून महाराजांनी विष दिलं असं लिहिता येणार नाही. हेतू दिसतो म्हणजे कृत्य सिद्ध होतं असं नाही, आणि मंडळ नेमकं तिथेच दुभंगलं होतं. तुमच्या मुलीने 'महाराजांनी विष दिले' असं वाक्य लिहिलं असेल, तर गुण त्यासाठीही गेले असतील. 'विष आढळले आणि आरोप महाराजांवर आला' एवढंच लिहिणं सुरक्षित आणि खरं आहे.

उताऱ्यात आधी येणारी प्रत्येक गोष्ट कारण नसते, हेही तिला सांगा. मल्हारराव खंडेरावांच्या काळात पाद्र्याला कैदेत होते, हे काही उताऱ्यांत येतं. ती माहिती रंजक आहे, पण ती काढून टाकली तर साखळीतली एकही कडी निखळत नाही. उताऱ्यात तिचा पुढच्या कशाशी संबंध जोडून दाखवला असेल, जसं की त्या कैदेमुळे त्यांनी जुन्या कारभाऱ्यांवर सूड उगवला, तरच ती कारणांत येईल. नाही तर सोडून द्यायची.

उत्तर किती खोल लिहायचं हे प्रश्नाच्या शब्दांवर आणि गुणांवर ठरतं. 'उताऱ्याच्या आधारे' म्हटलं असेल तर अवध आणि राणीचा जाहीरनामा आणू नये, कितीही माहीत असलं तरी. 'तात्कालिक कारण' विचारलं तर विषाचा प्रसंग हेच उत्तर, तिथे करारांची कथा लावायची नाही. 'कारणे स्पष्ट करा' असा मोघम प्रश्न असेल तर दोन्ही लिहायची, आणि कोणती कोणत्या जातीची हे वाक्यातच दाखवायचं.

वर्गातली मुलं लिहितात ती दोन उत्तरं शेजारी ठेवते. एक असं असतं: "कर्नल फेअर यांच्यावर विषप्रयोग झाला. त्यामुळे मल्हाररावांना अटक झाली व त्यांना पदच्युत करण्यात आले." घटनाक्रम बरोबर आहे, पण मूळ कारणाचा पत्ता नाही, आणि 'त्यामुळे' हा शब्द मंडळातली फूट ओलांडून थेट पदच्युतीवर उडी मारतो.

दुसरं: "तैनाती फौजेच्या करारांमुळे बडोद्याच्या कारभारात हस्तक्षेप करण्याची संधी इंग्रजांना होती. जड शेतसारा आणि मल्हाररावांच्या काळात वाढलेल्या तक्रारी यांमुळे चौकशी समिती नेमली गेली आणि महाराजांना 1875 अखेरपर्यंत मुदत मिळाली. ही मूळ कारणे होत. नोव्हेंबर 1874 मधील विषाच्या प्रकरणामुळे मुदत संपण्याआधीच कारवाई झाली. आरोपावर मंडळाचे एकमत झाले नाही, तरी गैरकारभाराच्या आधारावर सरकारने महाराजांना दूर केले."

या दुसऱ्या उत्तरात 'मुदत संपण्याआधीच' हे शब्द मी अधोरेखित करते. तात्कालिक कारणाने नेमकं काय केलं, ते त्या दोन शब्दांत आलं आहे. तुमच्या मुलीला आधी उताऱ्यातल्या तारखा एका ओळीत लिहायला सांगा, मग परिणामाचं ते पूर्ण वाक्य, आणि त्यानंतरच उत्तर. तिचं नवं उत्तर आणि उतारा इथे टाकलात, तर मी ते वाचून कुठे काय राहिलं ते सांगेन.